उसळणारी नाडी आणि न बोलणारे हृदय : महाधमनीच्या गळक्या झडपेचा इतिहास

१८३२ सालच्या एप्रिल महिन्यात एडिंबरोहून निघणाऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगन यांचा लेख प्रसिद्ध झाला. कॉरिगन तेव्हा तिशीच्या आतले होते आणि जर्विस स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये त्यांच्या वाट्याला मोजक्याच खाटा होत्या. लेखाचा विषय होता महाधमनीचे तोंड कायम उघडे राहण्याचा विकार. आज आपण त्याला महाधमनी झडपेची दीर्घकालीन गळती म्हणतो. इको करणाऱ्याच्या अहवालात तुम्हाला हाच विकार 'एओर्टिक रिगर्जिटेशन' किंवा नुसता 'एआर' या नावाने भेटेल.

अशी गळकी झडप पाहणारे कॉरिगन हे पहिले नव्हते. फ्रान्समधील माँपेलिए येथील व्ह्यूसां यांनी १७१५ मध्येच अशा रुग्णाचे वर्णन केले होते. कॉरिगन यांचे वेगळेपण असे की, जिवंत माणसाच्या मानेवर डोळ्यांना दिसणारी उसळती नाडी, छातीवर ऐकू येणारा आवाज आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात सापडणारी फाटकी, आखडलेली झडप या तीन गोष्टी त्यांनी एका सूत्रात बांधल्या. त्याहून महत्त्वाची अशी आणखी एक गोष्ट त्यांनी केली. या रुग्णांचे डावे हृदय मोठे झालेले असते. हे मोठेपण म्हणजे आजार नसून आजाराला शरीराने दिलेले उत्तर आहे, असे त्यांनी म्हटले.

या लेखात आपण तोच धागा पकडणार आहोत. रुग्णाची काहीच तक्रार नसताना हृदय का वाढते? नाडीवर दिसणाऱ्या खुणा नेमके काय सांगतात? आणि ज्या प्रश्नावर रुग्णाचे आयुष्य अवलंबून असते, म्हणजे शस्त्रक्रिया केव्हा करायची, त्याचे उत्तर त्या खुणांत का सापडत नाही?

गळती म्हणजे नेमके काय होते

डावी जवनिका आकुंचन पावते तेव्हा रक्त महाधमनीत जाते. आकुंचन संपले की महाधमनीच्या झडपेच्या तीन पाकळ्या एकमेकींना टेकून बंद होतात आणि पुढे गेलेले रक्त मागे येत नाही. पाकळ्या नीट मिटल्या नाहीत, तर शिथिलनाच्या काळात महाधमनीतले काही रक्त जवनिकेत परत येते. त्याच वेळी डाव्या कर्णिकेकडूनही नेहमीचे रक्त येतच असते. म्हणजे जवनिकेला दोन दारांनी रक्त मिळते आणि पुढच्या ठोक्याला ते सगळे बाहेर टाकावे लागते.

आता रक्तदाबाकडे पाहा. एका ठोक्यात नेहमीच्या दुप्पट रक्त महाधमनीत घुसले की तिची भिंत जोरात ताणली जाते आणि वरचा दाब चढतो. शिथिलनात त्या रक्ताला दोन वाटा असतात. एक नेहमीची, शरीराकडे जाणारी, आणि दुसरी उलटी, हृदयाकडे येणारी. त्यामुळे महाधमनी लवकर रिकामी होते आणि खालचा दाब घसरतो. निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० असेल, तर त्यातील फरक ४० असतो. या फरकाला नाडीदाब म्हणतात. गळती मोठी असेल, तर रक्तदाब १६०/५० असा भरतो आणि नाडीदाब ११० होतो. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या खुणा या एकाच रुंदावलेल्या नाडीदाबाची वेगवेगळ्या जागी दिसणारी रूपे आहेत.

रक्तदाब मोजताना एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. अशा रुग्णाच्या दंडावरील पट्टा पूर्ण सैल केला तरी कधी कधी ठोक्यांचा आवाज शून्यापर्यंत ऐकू येत राहतो. रुग्णाचा खालचा दाब खरोखर शून्य आहे असा त्याचा अर्थ नाही. अशा वेळी आवाज जिथे एकदम दबका होतो, तो आकडा खालचा दाब म्हणून घ्यावा आणि नोंदीत तसे लिहावे.

माने-नखांवरच्या खुणा

कॉरिगन यांच्या काळी रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. दंडावर बांधायचा पट्टा रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये आणला, आणि स्टेथोस्कोपने वरचा व खालचा दाब ऐकण्याची पद्धत कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी सत्तर वर्षे डॉक्टरांना नाडीदाबाची रुंदी डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनीच ओळखावी लागे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात या विकाराच्या इतक्या खुणा नोंदल्या गेल्या आणि प्रत्येकीला कोणाचे ना कोणाचे नाव चिकटले. सगळी नावे पाठ करण्याची गरज नाही. चार खुणा नीट समजल्या तर बाकीच्या आपोआप कळतात.

पहिली खूण कॉरिगन यांची. रुग्णाला बसवा आणि हात न लावता त्याच्या मानेकडे पाहा. दोन्ही बाजूंच्या रोहिणी प्रत्येक ठोक्याला उसळताना आणि लगेच खाली बसताना दिसतात. कॉरिगन यांचा भर याच 'दिसण्या'वर होता. बोट ठेवण्यापूर्वीच निदानाची दिशा मिळते.

दुसरी खूण हाताला जाणवते. लंडनचे थॉमस वॉटसन यांनी १८४० च्या दशकात तिची तुलना त्या वेळच्या एका खेळण्याशी केली. काचेच्या बंद नळीत थोडे पाणी असते आणि हवा काढून टाकलेली असते. नळी उलटी केली की पाणी मधे हवेचा अडसर नसल्याने टोकावर 'टक्' असे आदळते. या खेळण्याला पाणहातोडा म्हणत. खूण पाहताना रुग्णाचे मनगट आपल्या तळव्याने आणि बोटांनी वेढून धरा आणि त्याचा हात डोक्याच्या वर उचला. नाडी आता झटक्याने तळव्यावर आपटते आणि तितक्याच झटक्याने नाहीशी होते.

तिसरी खूण क्विंके यांची, १८६८ मधली. नखाच्या टोकावर अगदी हलका दाब द्या, इतकाच की नखाचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा गुलाबी दिसेल. पांढरे आणि गुलाबी यांची सीमारेषा प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे सरकते. लाट इतकी मोठी असते की ती बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोहोचते.

चौथी खूण पॅरिसचे ड्यूरोझिए यांची, १८६१ मधली. ही सर्वांत बोलकी आहे, कारण इथे उलटा वाहणारा प्रवाहच कानाला ऐकू येतो. जांघेतील रोहिणीवर स्टेथोस्कोप ठेवून हळूहळू दाब वाढवला की आधी आकुंचनाचा फुस्कारा ऐकू येतो. तसा तो कोणाच्याही जांघेत ऐकू येईल. मग स्टेथोस्कोपच्या पायाकडच्या बाजूने दाबले की शिथिलनातही एक दुसरा फुस्कारा ऐकू येतो. हा दुसरा आवाज हृदयाकडे परत निघालेल्या रक्ताचा असतो.

या खुणा पाहून झाल्या की शेवटी छातीवर या. रुग्णाला बसवून थोडे पुढे वाकायला सांगा, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगा, आणि स्टेथोस्कोपची सपाट बाजू उरोस्थीच्या डाव्या कडेला तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत घट्ट दाबा. दुसऱ्या ध्वनीच्या लगेच मागून सुरू होणारा, हळूहळू विरत जाणारा, कोणी कानाजवळ श्वास सोडावा तसा मऊ आवाज ऐकू येतो. हाच या विकाराचा हृद्‌मर्मर. निजलेल्या रुग्णात तो सहज निसटतो.

एक सावधगिरी इथेच बाळगा. रुंद नाडीदाब म्हणजे झडपेची गळती असा सरळ अर्थ लावू नका. ताप, तीव्र रक्तक्षय, थायरॉईडचा अतिरेक आणि गरोदरपण यांतही नाडी उसळते. म्हाताऱ्या माणसाची महाधमनी कडक झाली की वरचा दाब चढतो, खालचा उतरतो आणि झडप मात्र धड असते. खुणा दिसल्या की विचार सुरू करायचा. निदान मर्मरावर आणि इकोवर ठरते.

पंधरा वर्षांचे अंतर

याच खुणांमध्ये फ्रेंच कवी आल्फ्रेड द म्युसे यांचे नाव घेतले जाते. १८४२ मध्ये सकाळच्या न्याहारीच्या वेळी त्यांचे डोके प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित हलत असल्याचे त्यांच्या आईच्या आणि भावाच्या लक्षात आले. भाऊ पॉल यांनी पुढे लिहिलेल्या चरित्रात ही आठवण दिली आहे. म्युसे यांनी मानेवर बोटे दाबताच डोके हलायचे थांबले, असेही त्यात आहे. १९०० मध्ये देल्प्यूश या फ्रेंच डॉक्टरांनी या वर्णनावरून त्या खुणेला कवीचे नाव दिले.

ही गोष्ट वर्गात गंमत म्हणून सांगितली जाते. आपण मात्र तारखांकडे लक्ष देऊ. डोके हलताना दिसले १८४२ मध्ये आणि म्युसे वारले १८५७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी. डोके हलेल इतकी मोठी लाट रोहिणीत उसळत होती आणि तरीही त्यानंतर पंधरा वर्षे ते जगले. गळती मोठी असणे आणि हृदय थकणे या दोन घटनांमध्ये इतके अंतर पडू शकते. हे अंतर कोण भरून काढते, हे पाहिले की या विकाराचा गाभा हाती येतो.

पिशवी ताणली जात नाही, मोठी शिवली जाते

परत येणारे रक्त ठेवायला जवनिकेत जागा लागते. झडप अचानक फाटली, उदाहरणार्थ जंतुसंसर्गाने, तर जवनिकेला ही जागा करायला वेळ मिळत नाही. जुन्याच आकाराच्या पिशवीत जादा रक्त कोंबले जाते, आतील दाब भसकन वाढतो, तो मागे कर्णिकेत आणि फुप्फुसांत पोहोचतो आणि रुग्ण काही तासांत धापा टाकू लागतो. नाडीदाब अशा वेळी फारसा रुंदावतही नाही, कारण पुढे टाकलेले रक्त वाढलेले नसते. म्हणजे सर्वांत धोकादायक गळतीत वरच्या चारही खुणा गैरहजर असू शकतात. हे पक्के लक्षात ठेवा.

गळती वर्षानुवर्षे हळूहळू वाढली, तर गोष्ट वेगळी घडते. स्नायूचा तंतू हा आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म एककांची साखळी असतो. या एककाला सार्कोमिअर म्हणतात. परत येणाऱ्या रक्ताच्या ताणामुळे या साखळीत नवी एकके टोकाला टोक जोडली जातात. तंतू लांब होतो, पण त्यातील प्रत्येक सार्कोमिअर आपल्या सोयीच्या लांबीवरच काम करत राहतो. पिशवी ताणली गेली नाही, कापड जोडून ती मोठी शिवली गेली, असे समजा. ताण नाही म्हणून आतला दाब वाढत नाही. दाब वाढत नाही म्हणून फुप्फुसांत रक्त तुंबत नाही, आणि फुप्फुसे मोकळी असल्याने धापही लागत नाही. तक्रारीआधी जवनिका का वाढते, याचे उत्तर हेच आहे. ती वाढते म्हणूनच तक्रार येत नाही.

मोठ्या पिशवीचा आणखी एक फायदा आहे. गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास ५० मिलिमीटरचा ६३ झाला, म्हणजे जेमतेम पाव भागाने वाढला, तरी आत मावणारे रक्त दुप्पट होते. भिंत आत सरकण्याचे प्रमाण तेच राहिले तरी बाहेर पडणारे रक्तही दुप्पट होते. तंतूंना जादा ताकद न लावता जादा रक्त फेकता येते.

मात्र या सोयीची किंमत द्यावी लागते. पोकळी जितकी मोठी, तितका त्याच दाबाला भिंतीवरचा ताण जास्त. हा लाप्लास यांचा नियम. तो ताण वाटून घ्यायला भिंतीची जाडीही वाढवावी लागते. इथे तर वरचा दाबही चढलेला असतो, म्हणून या विकारात जवनिका रुंद आणि जाड अशी दोन्ही होते. निरोगी हृदयाचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते. या विकारातील काही हृदये त्याच्या तिप्पट वजनाची सापडली. जुन्या शवविच्छेदकांनी त्याला 'बैलाचे हृदय' असे नाव दिले.

चालता-फिरताना रुग्णाला त्रास का होत नाही, याचेही एक कारण इथे सांगायला हवे. गळती फक्त शिथिलनात होते. मिनिटाला ६० ठोके असतील, तर एका मिनिटातले साधारण ४० सेकंद शिथिलनाचे असतात. श्रम केले की ठोके वाढतात, शिथिलनाचा वाटा घटतो आणि गळायला वेळ कमी मिळतो. शिवाय स्नायूंतील वाहिन्या रुंदावल्याने रक्ताला पुढची वाट सोपी होते. म्हणून असा माणूस वर्षानुवर्षे ओझी उचलतो, जिने चढतो आणि कुरकुरत नाही. कॉरिगन यांनी हे १८३२ मध्येच ओळखले होते. नाडी मंद करणारे डिजिटॅलिस हे औषध त्या काळी हृदयविकारावर सर्रास देत. मंद नाडीत शिथिलन लांबते आणि जास्त रक्त मागे येते, म्हणून या रुग्णांना ते देऊ नये, असे त्यांनी बजावले. रक्त काढून आणि उपाशी ठेवून रुग्णाला अशक्त करण्यालाही त्यांचा विरोध होता. मोठ्या हृदयाला काम करायला बळ हवे, असा त्यांचा विचार होता. आजही मोठी गळती असलेल्या रुग्णाचा वरचा दाब उतरवताना नाडी फार मंद करणारे औषध निवडण्यापूर्वी डॉक्टर थांबून विचार करतात, त्यामागे हेच गणित आहे.

एक उदाहरण, आकड्यांसह

आता हे गणित एका रुग्णावर मांडून पाहू. उदाहरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, पण आकडे प्रत्यक्षात भेटतात तसेच आहेत.

३८ वर्षांचा उंच, धिप्पाड ट्रकचालक. शरीराचे पृष्ठफळ १.९ चौरस मीटर. परवान्याच्या तपासणीत मर्मर ऐकू आला म्हणून त्याला पाठवले आहे. तक्रार काहीही नाही. नाडी ७२, रक्तदाब १६०/५०, मानेच्या रोहिणी उसळत आहेत. इकोमध्ये महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या दिसतात.

त्याच्यासारख्याच बांध्याच्या निरोगी माणसाची जवनिका भरते तेव्हा तिच्यात समजा १२० मिलिलिटर रक्त असते आणि आकुंचनानंतर ५० उरते. म्हणजे ७० मिलिलिटर बाहेर पडते. भरलेल्या रक्तापैकी बाहेर पडलेल्या भागाला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. ते इथे ५८ टक्के आले.

आपल्या रुग्णाच्या जवनिकेत २४० मिलिलिटर भरते आणि १०० उरते. बाहेर पडते १४०. त्यातले ७० परत येते आणि ७० शरीराला मिळते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर शरीराला पाच लिटर रक्त मिळते, निरोगी माणसाइतकेच. त्यासाठी हृदय मात्र दहा लिटर उपसते आहे. इजेक्शन फ्रॅक्शन इथेही ५८ टक्केच. इकोवर जवनिकेचा भरलेला व्यास ६३ आणि आकुंचनानंतर उरणारा व्यास ४६ मिलिमीटर. शिवण मोठी झाली आहे आणि कापड मजबूत आहे.

सहा वर्षांनी तो परत येतो. मधल्या काळात एकदाही तपासणी झालेली नाही. 'काही त्रास होत नव्हता, मग कशाला यायचे?' असे तो म्हणतो. रक्तदाब १५८/५२. मानेच्या रोहिणी तशाच, नखातली खूण तशीच, मर्मर तसाच. इकोमध्ये मात्र आता ३०० मिलिलिटर भरते आणि १६० उरते. उरणारा व्यास ५४ मिलिमीटर झाला आहे आणि इजेक्शन फ्रॅक्शन ४७ टक्क्यांवर उतरले आहे.

वजाबाकी करून पाहा. ३०० वजा १६० म्हणजे १४०. बाहेर पडणारे रक्त पहिल्याइतकेच आहे. म्हणून नाडीदाब बदलला नाही आणि खुणाही बदलल्या नाहीत. शरीराला मिळणारे रक्तही तितकेच, म्हणून रुग्णाला काही जाणवले नाही. बदल झाला तो फक्त आत उरणाऱ्या रक्तात. भिंत आता पूर्वीइतकी आत सरकू शकत नाही, आणि ही उणीव जवनिकेने आणखी मोठी होऊन झाकली आहे. भिंतीची जाडी पोकळीच्या वाढीला पुरी पडेनाशी झाली, प्रत्येक तंतूवरचा ताण वाढला आणि तंतूंच्या मधे तंतुमय ऊती साचू लागली. कापडच विरू लागले आहे.

एकोणिसाव्या शतकातील सगळ्या खुणांची मर्यादा या वजाबाकीत दिसते. मानेवरची उसळी, नखातील सरकती रेषा, जांघेतील दुसरा आवाज या सगळ्या गोष्टी एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडते आणि किती परत येते ते सांगतात. आत किती उरते ते त्या सांगू शकत नाहीत, आणि स्नायूची तब्येत तर उरलेल्या रक्तावरून कळते.

याच्याही पुढच्या टप्प्यावर खुणा उलट दिशा दाखवतात. जवनिका पूर्ण थकली की बाहेर पडणारे रक्त कमी होते, आतला दाब वाढल्याने परत येणारे रक्तही कमी होते आणि शरीरातील वाहिन्या आकसतात. नाडीदाब पुन्हा अरुंद होऊ लागतो. खालचा दाब ५० वरून ७० वर आला म्हणून रुग्ण सुधारला असे कोणी समजले, तर तो नेमक्या चुकीच्या वेळी निर्धास्त होईल.

सुरी केव्हा उचलायची

कॉरिगन यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता, कारण झडप दुरुस्त करणे कोणाच्याच हाती नव्हते. १९५२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली प्लॅस्टिकची झडप एका रुग्णाच्या खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसवली. धडधडत्या हृदयाच्या तोंडाशी ती बसवणे तेव्हा शक्य नव्हते. त्यामुळे कमरेखालून परत येणारे रक्त अडले, पण डोके आणि हात यांच्याकडून येणारी गळती चालूच राहिली. पुढे हृदय-फुप्फुस यंत्र आले आणि १९६० मध्ये बोस्टनच्या ड्वाइट हार्केन यांनी झडप तिच्या मूळ जागी बसवली. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली तिरप्या चकतीची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली.

झडप हाती आल्यावर नवा पेच उभा राहिला. कृत्रिम झडपेला स्वतःचे धोके आहेत. धातूची झडप असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतींची झडप काही वर्षांनी झिजते. म्हणून तक्रार नसलेल्या माणसावर घाईने शस्त्रक्रिया करणे योग्य नाही. तक्रार येईपर्यंत थांबावे, तर काही रुग्णांमध्ये झडप उत्तम बसूनही जवनिका पूर्वपदाला येत नसे आणि ते पुढे हृदय निकामी होऊन जात. या विकारात ज्यांची जवनिका दुबळी होते किंवा ज्यांचा मृत्यू ओढवतो, त्यांच्यापैकी पाव भागाहून अधिक जणांत त्याआधी कसलीही तक्रार आलेली नसते.

वाट सापडली ती उरणाऱ्या व्यासातून. स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली होती. त्या तंत्राच्या आधारे १९८० मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथील हेन्री, बोनो, एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, शस्त्रक्रियेपूर्वी आकुंचनानंतरचा व्यास ५५ मिलिमीटरच्या वर गेलेल्या रुग्णांना पुढे धोका जास्त असतो. मग काही वर्षे ५५ हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा पाठ केला जाई. पुढे ध्यानात आले की ५५ पर्यंत थांबणे म्हणजेही उशीर. आजच्या मार्गदर्शक सूचनांत मोठी गळती असलेल्या रुग्णाला तक्रार सुरू झाली, तर शस्त्रक्रिया सुचवतात. तक्रार नसली तरी इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के किंवा त्याखाली आले, किंवा उरणारा व्यास ५० मिलिमीटरच्या वर गेला, तरी तिचा विचार करतात. युरोपच्या सूचनांत फ्रॅक्शनची मर्यादा ५० टक्के अशी राहिली आहे.

या आकड्याला भारतीय वर्गात एक जोड द्यावीच लागते. ५० मिलिमीटर हा मोठ्या बांध्याच्या माणसांवरून आलेला आकडा आहे. म्हणून व्यासाला शरीराच्या पृष्ठफळाने भागतात आणि भागाकार २५ च्या वर गेला तर धोका मानतात. आपल्या ट्रकचालकाचा पहिल्या भेटीतला व्यास ४६ होता. भागिले १.९ म्हणजे २४. त्याच्या बाबतीत दर सहा ते बारा महिन्यांनी इको करत थांबणे योग्य होते. हाच ४६ चा व्यास १.५ चौरस मीटर पृष्ठफळाच्या स्त्रीमध्ये आढळला, तर भागाकार ३१ च्या आसपास येतो. तिच्या जवनिकेने रेषा केव्हाच ओलांडलेली असेल. तिच्या अहवालावर '४६ मिमी, ५० पेक्षा कमी' असे वाचून कोणी तिला वर्षभराने यायला सांगितले, तर ते वर्ष तिला परवडणारे नसते. आपल्याकडे या विकाराचे एक मोठे कारण लहानपणचा संधिवाताचा ताप हे आहे आणि त्याच्या रुग्णांत तरुण, लहान चणीच्या स्त्रिया पुष्कळ असतात. म्हणून हा भागाकार दर वेळी करा.

ट्रकचालकाचा दुसऱ्या भेटीतला आकडा आहे ५४ भागिले १.९, म्हणजे २८. इजेक्शन फ्रॅक्शन ४७. तो अजूनही ठणठणीत असल्याचे सांगतो आहे आणि ते खोटे नाही. तरीही त्याला आता शस्त्रक्रियेसाठी पाठवायचे. का पाठवता, असे त्याने विचारले तर त्याच्या नाडीवर बोट ठेवून काही सिद्ध करता येणार नाही, कारण नाडी सहा वर्षांपूर्वीसारखीच आहे. त्याला दोन्ही इको शेजारी ठेवून दाखवा : तेव्हा ठोक्यानंतर १०० मिलिलिटर उरत होते, आता १६० उरतात. या वेळी झडप बदलली, तर परत येणारे रक्त थांबेल, जवनिका पुष्कळदा बरीच लहान होईल आणि फ्रॅक्शन वर येण्याची शक्यता चांगली आहे. धाप लागेपर्यंत थांबला, तर झडप तीच मिळेल, पण जुने हृदय परत मिळण्याची आशा कमी झालेली असेल.